हात सुटला तर वजन कुठे जाईल?

दुपारी दीड-दोनच्या सुमाराला औरंगपुऱ्यातली जिम जवळजवळ रिकामी असते. खाली भाजी मंडईचा गलका चालू असतो, स.भु.ची पोरं सायकली-गाड्या काढत असतात, आणि वर दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली एखादाच माणूस दंडाला ताण देत बसलेला असतो. माझ्या भाचीने ही वेळ मुद्दाम निवडली. ती सव्वीस वर्षांची आहे, उंची पाच फूट, वजन पन्नास किलो. स्पर्धा परीक्षेसाठी रोज आठ-नऊ तास अभ्यासिकेत बसून कंबर धरायला लागली होती. सकाळच्या गर्दीत सगळे आपल्याकडेच बघतात असं तिला वाटायचं. दुपारी बघणारं कोणी नसायचं, पण शिकवणारंही कोणी नसायचं. फी भरताना ज्या ट्रेनरचं नाव घेतलं होतं तो सकाळी नऊला निघून जायचा, आणि त्यानंतर हवा असेल तर वेगळे पैसे.

पहिल्या दिवशी तिने फोन केला. "मामा, एका बाजूला सगळी मशीन आहेत, दुसऱ्या बाजूला डंबेल आणि रॉड. मी मशीनच्याच बाजूला राहू ना? तिथे काही चुकणार नाही."

मी तिला म्हटलं, बाजू ठरवू नकोस. एकेक हालचाल घे आणि स्वतःला विचार, मध्येच ताकद संपली किंवा हात सुटला, तर हे वजन जाईल कुठे? उत्तर "जमिनीवर" किंवा "मशीनच्या चौकटीत" असेल तर कर. "माझ्या अंगावर" असेल तर एकटी असताना करू नकोस.

एकट्याने व्यायाम करणाऱ्यासाठी मला याहून उपयोगी प्रश्न माहीत नाही. तो लावला की मशीन आणि मोकळी वजनं यांची नेहमीची विभागणी मोडते. छातीवर रॉड घेऊन झोपणं, म्हणजे बेंच प्रेस, एकट्या नवख्यासाठी वाईट, कारण रॉड अडकला तर तो छातीवर किंवा गळ्यावरच येतो. पण छातीशी एक डंबेल उभं धरून बैठक मारली आणि उठता आलं नाही, तर डंबेल पुढे जमिनीवर ठेवायचं, एवढंच. दोन्ही मोकळीच वजनं, पण धोका अगदी वेगळा. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत १९९० ते २००७ या काळात वजनाच्या व्यायामातून झालेल्या ज्या दुखापती आल्या, त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के मोकळ्या वजनांच्या होत्या. सर्वांत मोठं कारण होतं वजन अंगावर पडणं. किती लोक मशीन वापरत होते आणि किती डंबेल, हे त्या नोंदींत नव्हतं. त्यामुळे मोकळी वजनं नऊपट धोकादायक असा त्याचा अर्थ काढता येत नाही. पण लोक जखमी कशाने होतात, ते त्यातून स्पष्ट दिसतं.

दुसरी शंका फायद्याची. खरे व्यायाम करणारे रॉडच उचलतात, मशीनवर स्नायू "खोटे" होतात, असं जिममध्ये सर्रास ऐकू येतं. २०२३ साली तेरा अभ्यास आणि हजारभर माणसांची माहिती एकत्र करून याची तपासणी झाली. स्नायू वाढण्यात दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. ताकदीत एकच फरक होता: जो ज्यावर सराव करतो तो त्यावर जास्त मजबूत होतो. मशीनवाल्यांची मशीनवर वाढ जास्त, मोकळ्या वजनवाल्यांची मोकळ्या वजनावर. म्हणजे दोन मजले गॅस सिलिंडर चढवायचा असेल तर केव्हातरी मोकळं वजन उचलायला शिकावं लागेल, पण पहिल्या महिन्यात मशीन वापरल्याने काही वाया जात नाही.

आपल्या तालमींत हा प्रश्नच नव्हता. जोर आणि बैठका यांत वजन स्वतःच्या शरीराचं, आणि समोर वस्ताद बसलेला. कोपर कुठे गेलं, पाठ कुठे वाकली हे तो बघायचा. आजच्या जिममध्ये लोखंड भरपूर आहे, पण दुपारी दीडला वस्ताद नाही. त्याचं निम्मं काम मशीनची चौकट करते आणि निम्मं आपल्याला दुसऱ्या मार्गाने करून घ्यावं लागतं.

भाचीसाठी आम्ही पाच हालचाली ठरवल्या: बैठक, कमरेतून वाकून उचलणं, वरून खाली ओढणं, बाजूने ओढणं आणि पुढे ढकलणं. आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार.

बैठकीला मोकळं वजन घेतलं. उकिडवं बसण्याची सवय असलेल्या माणसाला ही हालचाल नवी नाही. पाच किलोचं डंबेल दोन्ही तळव्यांत उभं धरून छातीशी लावायचं, मागे बेंच ठेवायचा, बेंचला टेकेपर्यंत खाली जायचं आणि उठायचं. पुढे धरलेलं वजन तोल सांभाळतं, म्हणून रिकाम्या हाताने बसताना ज्यांच्या टाचा उचलल्या जातात ती माणसंही वजन धरून सरळ बसतात. गुडघे आत झुकले किंवा टाचा उचलल्या गेल्या तर थांबायचं. जिममध्ये बायकांना सहसा पायाच्या मशीनवर पाठवतात. ज्यांचे गुडघे दुखतात, तोल जातो किंवा साठी उलटली आहे त्यांना लेग प्रेसचा आधार खरोखर लागतो, पण सव्वीस वर्षांच्या निरोगी मुलीला तो लागत नव्हता. लेग प्रेस करायचाच असेल तर एक खूण सांगतो. गुडघे छातीकडे येताना कुल्ले गादीवरून उचलले जाऊ लागले, की तिथेच थांबावं. त्यापुढे जाल तेवढी कंबर वाकते आणि भार मणक्यांवर येतो.

कमरेतून वाकून उचलण्यासाठीही डंबेलच, प्रत्येक हातात पाच किलोचं. ही हालचाल पाहणाऱ्याशिवाय शिकणं सगळ्यात अवघड, म्हणून तिची तयारी घरी झाली, लांब झाडूच्या दांड्याने. दांडा पाठीवर उभा धरायचा, असा की डोकं, दोन्ही खांद्यांमधला भाग आणि माकडहाड या तीन जागी तो टेकेल. मग गुडघे थोडे सैल ठेवून, कुल्ल्याने मागचं दार ढकलल्यासारखं मागे सरत वाकायचं. तीनपैकी एक जरी जागा सुटली तरी पाठ वाकली. सुरुवातीला तिचं माकडहाड दर वेळी सुटायचं. चौथ्या दिवशी सुटेनासं झालं, तेव्हा हातात वजन आलं. जिममध्ये ती मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने एक सेट चित्रित करायची आणि लगेच बघायची. आरशात समोरून दिसतं, पण पाठीची चूक बाजूनेच कळते, आणि आरशाकडे बघायला मान वळवली की चूक आणखी वाढते.

वरून खाली ओढण्यासाठी मात्र मशीनच, ज्याला जिममध्ये नुसतं "लॅट" म्हणतात. याला मोकळ्या वजनाचा पर्याय म्हणजे बारला लटकून स्वतःला वर ओढणं, आणि नवख्याला ते सहसा जमत नाही. बाजूने ओढायला बेंचवर एक हात आणि एक गुडघा टेकून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचं. हात सुटला तर डंबेल जमिनीवर. फक्त खाली पाय येऊ द्यायचा नाही.

पुढे ढकलण्यासाठी आम्ही चेस्ट प्रेस मशीन ठरवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी ते फसलं. आसन सगळ्यात खाली केलं तरी तिचे पाय जमिनीला टेकेनात आणि मुठी खांद्यांच्या रेषेत येत होत्या. त्या यायला हव्यात छातीच्या खालच्या भागासमोर. आसन उंच केलं तर मुठी जागेवर आल्या, पण पाय आणखी लोंबकळले. शेवटी दहा किलोच्या दोन प्लेटा जमिनीवर आडव्या ठेवून तिने त्यावर पाय टेकवले. मशीनला चौकट असते म्हणून ते आपोआप बरोबर हालचाल करवतं, हा गैरसमज इथे उघडा पडतो. मशीन एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. तुमचं माप वेगळं असेल तर ते तुम्हाला चुकीच्या मार्गावर तितक्याच ठामपणे नेतं. नियम असा की मशीनचा दांडा ज्या खिळ्याभोवती फिरतो, त्याच्या रेषेत तुमचा सांधा यायला हवा. पायाच्या मशीनवर गुडघा आणि तो खिळा समोरासमोर नसतील, तर पायाची गादी नडगीवर वर-खाली घसरू लागते. घसरते आहे म्हणजे आसन चुकलं आहे.

पाय टेकले तरी वजन जाईना. पिन पहिल्याच प्लेटमध्ये होती, तरी तिला जेमतेम चार वेळा ढकलता आलं. त्याहून हलक्या वजनाला पिन लावायला जागाच नव्हती. पुरुषांच्या अंदाजाने बनवलेल्या मशीनवर हा अनुभव बायकांना आणि मुलांना नेहमी येतो, आणि "आपल्यात ताकदच नाही" असं समजून मशीन सोडून दिलं जातं. मग आम्ही स्मिथ मशीनचा रॉड वापरला, पण उचलायला नाही. तो रुळात असतो आणि ठरावीक खाचांत अडकवता येतो. कमरेच्या उंचीला पक्का अडकवून तिने त्यावर हात टेकले आणि तिरकी होऊन जोर मारले. बारा झाले. रॉड एक खाच खाली आणला की शरीर आणखी आडवं होतं आणि जोर थोडा जड होतो. प्रत्येक खाच म्हणजे एक लहानशी पायरी, जी चेस्ट प्रेसच्या पिनमध्ये नव्हतीच.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीचे दोन सेट, दर सेटमध्ये दहा, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. जिना उतरवणार नाही इतकं दमायचं नाही. पहिल्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखतातच, आणि बैठकीनंतर मांड्या तर जिन्यावर जाणवतात. पण स्नायू सुजून टणक झाला, हात सरळ होईना, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ते साधं दुखणं नाही. नवखा माणूस पहिल्याच दिवशी अती करतो तेव्हा स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल त्यांनी जिमच्या आधीच डॉक्टरांना विचारावं.

तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "मामा, मी जड उचलतेय की हलकं, हे मला कळणार कसं?"

मशीनचा सगळ्यात मोठा उपयोग माझ्या मते इथे आहे, आणि तो क्वचितच कोणी सांगतं. प्रत्येक सेट संपताना "अजून दोन-तीन जमले असते" इतपत राखून थांबायचं, हे नवख्यासाठी योग्य माप. पण स्वतःची हद्द कधी पाहिलीच नसेल, तर हद्दीच्या अलीकडे दोन पावलं म्हणजे कुठे, हे कळणार कसं? बहुतेक नवखे लोक हद्द फार अलीकडे समजतात. रॉड घेऊन ती शोधायला जाणं एकट्याला परवडत नाही. लॅट मशीनवर परवडतं. शेवटच्या सेटला आकडा ठरवायचा नाही, हात थांबेपर्यंत ओढायचं, असं तिने ठरवलं. पंधरा किलोवर तिला वाटत होतं की दहा पुरे. दहानंतर अकरा, बारा, तेरा झाले. चौदाव्याला दांडा हनुवटीपर्यंत येऊन थरथरला, पंधरावा कपाळाशीच थांबला. तिने हात वर जाऊ दिले आणि वजन जागेवर बसलं, आवाजही झाला नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा हालचाल आपोआप मंदावते, कितीही जोर लावला तरी. हे मंदावणं एकदा अनुभवलं की ते डंबेलवरही ओळखता येतं. ते सुरू होताच खाली ठेवायचं.

त्याच आठवड्यात एक गोंधळ झाला. लॅट मशीनवर पंधरा किलो जड जात होतं, आणि शेजारच्या केबलच्या मशीनवर वीस किलो तिने सहज ओढलं. मी म्हटलं, मूठ किती खाली येते आणि प्लेटांची चवड किती वर जाते, ते बघ. तिने बोटांनी मापून सांगितलं: मूठ दोन वीत, चवड एक वीत. केबल हलत्या कप्पीवरून फिरवलेली असली की हाताला निम्मंच वजन लागतं, म्हणजे तिचे वीस खरे तर दहा होते. त्यात घर्षण धरा, काही प्लेटांवर किलोऐवजी पौंड छापलेले असतात ते धरा, तर एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनला लावण्यात काही अर्थ नसतो. वहीत मशीनचं नाव, आसनाची खाच, पिनचा आकडा आणि किती वेळा, एवढं लिहायचं आणि तुलना त्याच मशीनशी करायची. पिन पूर्ण आत गेली आहे का आणि केबलची वायर टोकाला उसवलेली तर नाही, हेही ओढण्याआधी बघायचं. एकट्या माणसासाठी मशीनवरचा खरा धोका तोच आहे. चवड वर असताना प्लेटांमध्ये बोट कधीच घालायचं नाही.

वजन वाढवण्याचं गणितही लहान शरीराला वेगळं पडतं. सर्वसाधारण सल्ला एका वेळी दोन ते दहा टक्के वाढवा असा असतो. पण लॅटवर पंधरानंतर थेट वीस, म्हणजे तेहतीस टक्के. पाचच्या डंबेलनंतर साडेसात, म्हणजे पन्नास टक्के. म्हणून तिच्यासाठी आम्ही मोजणीची कक्षा रुंद ठेवली, आठ ते पंधरा. आता सेट तीन झाले होते; तिन्ही सेटमध्ये पंधरा झाल्याशिवाय पुढच्या वजनाला हात लावायचा नाही, आणि लावल्यावर मोजणी आठवर घसरली तरी घाबरायचं नाही. पाचव्या आठवड्यात लॅटवर पंधरा किलोचे तीन सेट पुरे झाले. पुढच्या सोमवारी वीसवर आठ, आठ, सात. बैठकीत पाचवरून साडेसात, मग दहा. वाकून उचलण्यात प्रत्येक हातात साडेसात, नंतर दहा. स्मिथच्या रॉडवरचे जोर चार खाचा खाली उतरले, आणि त्यानंतर एकदा सहज म्हणून ती चेस्ट प्रेसवर बसली. पाय प्लेटांवर, पिन पहिल्याच भोकात. नऊ वेळा झालं.

आता नववा आठवडा आहे. कंबर दिवसभर बसूनही पूर्वीसारखी धरत नाही, पण दर तासाला उठायचंही तिने त्याच काळात सुरू केलं, त्यामुळे सगळं श्रेय डंबेलला देता येणार नाही. गेल्या गुरुवारी तिने विचारलं, की वाकून उचलायला आता रॉड घेऊ का, दहाची डंबेल मुठीतून निसटायला लागलीत. प्रश्न लावून पाहिला: हात सुटला तर रॉड जमिनीवर. म्हणजे घ्यायला हरकत नाही. पण रिकाम्या रॉडचं वजन किती, हे कोणालाच सांगता येईना. मोठा, टोकाला जाड असलेला रॉड वीस किलोचा असतो असं म्हणतात, पण आपल्याकडच्या जिममध्ये पोकळ, आखूड, वाकडे असे नाना तऱ्हेचे रॉड असतात. दाराशी माणसांचं वजन करायचा काटा होता. ती आधी नुसती उभी राहिली, मग रॉड दोन्ही हातांत आडवा धरून. पन्नास आणि अठ्ठावन्न. तिने वहीत लिहिलं: "रॉड, खिडकीजवळचा, ८ किलो." आणि त्याला दोन्ही बाजूंना पाच-पाचच्या प्लेटा लावून लॉक आवळले.